फोटोपुरती भरलेली बॅग

तिला नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘यादीवाली’, आणि बिल्डिंगमध्येही तेच. नाव पडायला कारणही तसंच होतं. लेकीला बागेत न्यायचं असलं तरी ती आदल्या दिवशी कागद घेऊन बसायची. पाण्याची बाटली, टोपी, जादा मोजे, मलम, पंप. पंप म्हणजे लेकीचा दम्याचा निळा इनहेलर. नवरा म्हणायचा, “अगं, बागेत चाललोय आपण, ध्रुवावर नाही.” ती कानाआड करायची आणि यादीत रुमाल वाढवायची.

लेक नऊ वर्षांची. जागी असेपर्यंत तोंड मिटत नसे, म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. टिटवी गप्प बसली की यादीवाली हातातलं काम टाकून आधी तिच्याकडे बघायची. कारण टिटवी गप्प बसायची ती फक्त श्वास पुरत नसेल तेव्हा. वर्षातून दोन-तीनदा तशी वेळ यायचीच, आणि तेवढ्यावर बाकीचं सबंध वर्ष आईची झोप सावध असायची.

असा स्वभाव असलेल्या बाईला नगरपालिकेच्या आपत्ती कक्षात काम मिळावं, हे म्हणजे माशाला पाण्यातच नोकरी लागल्यासारखं झालं. काम प्रसिद्धीचं. वादळाचे इशारे, आगीच्या सूचना, भूकंपात काय करावं, हे सगळं लोकांना कळेल अशा चित्रांत आणि दोन ओळींत बसवायचं आणि समाजमाध्यमांवरच्या कक्षाच्या पानावर टाकायचं. तिचे साहेब प्रसिद्धी अधिकारी. मनाने चांगले, पण आकड्यांचे भुकेले. पोस्ट किती जणांनी पाहिली यापेक्षा किती जणांनी जपून ठेवली, म्हणजे सेव्ह केली, ते आधी विचारायचे.

एके दिवशी साहेब म्हणाले, “घराघरात आपत्तीची बॅग तयार पाहिजे. लांबलचक पत्रक कोणी वाचत नाही. कॅरोसेल करा. दहा स्लाइड. एका स्लाइडवर वस्तूंचा एकच गट. बोटाने सरकवत गेलं की बॅग भरलीच पाहिजे.”

ती महिनाभर त्यातच बुडाली. पहिल्या स्लाइडवर फक्त एक प्रश्न, मोठ्या अक्षरांत: दहा मिनिटांत घर सोडावं लागलं तर? दुसरी पाण्याची. माणशी रोज चार लिटर, तीन दिवसांचं. तिसरी न शिजवता खाता येईल अशा टिकाऊ खाण्याची, डबा उघडायच्या चावीसकट. चौथी औषधांची. पाचवी उजेडाची आणि बातम्यांची: टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, जादा सेल, पॉवर बँक. सहावी कागदपत्रांच्या प्रतींची आणि कागदावर लिहिलेल्या फोन नंबरांची, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. सातवी शिट्टी, पाना, चिकटपट्टी, हातमोजे यांची. आठवी स्वच्छतेची, नववी कपड्यापांघरुणांची. दहावीत सगळं एका बॅगेत, बॅग दाराजवळ आणि खाली एक ओळ: दर सहा महिन्यांनी उघडून तपासा.

एका स्लाइडवर चार ओळींच्या वर मजकूर नाही, हा तिचा नियम. अक्षर इतकं मोठं की चष्मा न लावता आजोबांना वाचता यावं. आणि तिची खास युक्ती म्हणजे लाल पट्टा. बॅगेचा पट्टा पहिल्या स्लाइडच्या उजव्या कडेला कापला जायचा आणि दुसऱ्या स्लाइडच्या डाव्या कडेतून पुढे निघायचा, असा थेट दहाव्यापर्यंत. अर्धा पट्टा दिसला की अंगठा आपोआप सरकतो. साहेब त्या युक्तीवर इतके खूश झाले की दोन दिवस येईल त्याला पट्टा दाखवत बसले.

मजकूर तपासायला आरोग्य विभागाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चौथ्या स्लाइडवर लाल पेनाने लिहिलं, ‘औषधं तीन नव्हे, किमान सात दिवसांची. मूळ वेष्टनात. मुदत बघून.’ यादीवालीने काना-मात्रेसह ते उतरवलं. मजकुरात तिने कधी हयगय केली नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

घोळ झाला तो फोटोंचा. फोटो तिनेच काढायचे होते, घरच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरून. पाण्याच्या भरल्या बाटल्यांवर खिडकीचा उजेड चमकायचा, म्हणून ऑफिसच्या बैठकीतल्या रिकाम्या बाटल्या धुऊन, झाकणं लावून मांडल्या. खाण्याचे डबे संपलेलेच, तळाकडून उघडलेले, फोटोत तळ दिसत नाही. औषधं रोजच्या वापरातली कशी अडकवून ठेवायची? म्हणून संपलेल्या पट्ट्या, छापील बाजू वर करून. कागदपत्रांच्या पाकिटात किराणा दुकानाच्या पावत्या, घडी घालून. रेडिओ ऑफिसच्या कपाटातला, बंद पडलेला. आणि टिटवीचा एक संपलेला पंप. त्याच्या पाठीवरच्या लहान खिडकीत किती पफ उरले त्याचा आकडा दिसतो. तिथे शून्य होतं. तिने पाठ मागे केली आणि पंप कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा केला. छान दिसला.

दहाव्या स्लाइडसाठी हे सगळं लाल बॅगेत भरून बॅग दाराजवळच्या खुंटीला टांगली. साहेब दर दोन दिवसांनी काहीतरी बदल सांगत होते, पुन्हा फोटो काढावे लागतील म्हणून ती तशीच टांगलेली राहिली. पुढे पोस्ट गेली आणि बघता बघता हजारोंनी ती जपून ठेवली. बॅग मात्र खुंटीवरच.

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारा, त्यामुळे घरी आला की शांत. त्याने एकदा बॅगेवर थाप मारली आणि म्हणाला, “शेवटी झाली बाबा आपली तयारी. एवढ्या याद्यांचं एकदा सार्थक झालं.” तेव्हाच ‘अरे, ती फोटोतली आहे’ असं म्हणायचं होतं. पण त्याच वेळी टिटवीने गणित आडवं आणलं, कुकर ओरडला, आणि ते बोलणं राहिलं. पुढच्या आठवड्यात त्याने पाहुण्यांना बॅग दाखवली. “लोकांना सांगते तसं घरातही करते हो आमची.” आता सांगणं जड झालं. रविवारी भरू, असं तिने ठरवलं. रविवार आले आणि गेले. पाहुण्यांसमोर त्याने दुसऱ्यांदा कौतुक केलं तेव्हा ती आत जाऊन उगाच भांडी आवरत बसली.

खालच्या मजल्यावर शिलाईकाकू राहायच्या. घरीच मशीन, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या. त्यांच्या नवऱ्यालाही दमा. कॅरोसेल आलं तसं काकूंनी स्लाइड समोर धरून, एकेक करून, आपली बॅग भरली. बॅगही स्वतः शिवलेली, प्रत्येक गटाला वेगळा कप्पा. शंका आली की जिना चढून वर यायच्या. “काय गं यादीवाली, पंप भरलेला आहे की नाही, कळणार कसं? हलवून?”

“हलवून नाही कळत, काकू. पाठीमागे आकडा असतो तो बघायचा. आणि शक्यतो नवीन, न उघडलेलाच ठेवा बॅगेत.”

“बघ बाई, तुझ्यावर भरवसा ठेवून करतेय सगळं.”

हे बोलणं दारातच झालं होतं, खुंटीवरच्या बॅगेपासून हातभर अंतरावर.

त्या शनिवारी टिटवीच्या शाळेला सुट्टी होती. नवऱ्याचे दुपारचे दोन शिकाऊ आले नाहीत म्हणून तोही घरी. यादीवाली ऑफिसात. दुपारी तीनच्या सुमाराला नियंत्रण कक्षातला फोन वाजला. ड्यूटीवरच्या माणसाने निरोप लिहून घेता घेता मोठ्याने वाचला. टेकडीच्या पायथ्याची संरक्षक भिंत, मागे जलवाहिनी फुटली, भिंत फुगली आहे, अग्निशमन दल पोचलं, खालच्या तीन इमारती रिकाम्या करत आहेत, रहिवाशांना शाळेच्या सभागृहात हलवा. इमारतींची नावं त्याने वाचली. तिसरं नाव तिच्या बिल्डिंगचं होतं.

तिने फोन लावायच्या आत नवऱ्याचाच आला. घाईत उचलताना बोट स्पीकरवर पडलं आणि त्याचा आवाज खोलीभर झाला.

“अगं, बाहेर काढतायत सगळ्यांना. घाबरू नको, आम्ही ठीक आहोत. टिटवी सोबत आहे. मेन स्विच बंद केला, गॅस बंद केला, आत्ता कुलूप लावतोय.”

“पंप घेतलास तिचा?” तिने विचारलं.

“बॅग घेतलीये ना. तुझी लाल बॅग. सगळं आहे त्यात.”

पाठीमागून टिटवीचा आवाज आला, “बाबा, माझ्या दप्तरातला पण घेऊ?”

“बॅगेत आहे गं राणी, चल.”

खोलीत पाच-सहा माणसं होती. साहेब तिच्या खुर्चीपाशीच उभे होते. त्यांचा चेहरा उजळला. “ऐकलंत का सगळ्यांनी? याला म्हणतात तयारी! यादीवालीच्या घरी बॅग दाराशी!” कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

तो अजून दारात होता. किल्ली कुलपात होती. दप्तर दाराच्या आत, तीन पावलांवर. ‘बॅगेत काही नाही, दप्तर घे’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. समोर साहेबांचा हसरा चेहरा होता.

“बरं,” ती म्हणाली. “लवकर उतरा खाली.”

फोन बंद झाला. लगेच तिने परत लावला. मग पुन्हा लावला. जिन्यात लोकांची गर्दी, हातात मुलगी, खांद्यावर बॅग, तो कुठला उचलणार? ती स्वतःला समजावत राहिली की पडायला आलेल्या भिंतीखाली माणसाला पुन्हा घरात पाठवणं बरोबर नव्हतंच. आणि टिटवी गेले दोन महिने अगदी ठणठणीत आहे. आणि वाटेत औषधाचं दुकान आहे, तिथून नवा पंप घ्यायचा, गुपचूप बॅगेत टाकायचा. कोणाला काही कळायचं कारण नाही. कार्यालयाच्या जीपमध्ये बसेपर्यंत तिने एवढं सगळं जमवलं होतं.

शाळेजवळचं दुकान बंद होतं. रस्ता दोऱ्या बांधून अडवला होता आणि दुकानदारालाही पोलिसांनी बाहेर काढलं होतं. पुढचं दुकान चौक ओलांडून, वीस मिनिटं चालत. टिटवीला एकदा डोळ्यांनी बघावं आणि मग जावं, असं म्हणून ती सभागृहात शिरली.

टिटवी ठीक होती. सभागृहाच्या स्टेजवर बसून शेजारच्या दोन मुलींना फायरब्रिगेडच्या शिडीची उंची सांगत होती, हात पसरून. नवरा लाल बॅग मांडीशी धरून बसला होता. तिला बघून त्याने बॅग थोडी वर उचलली, विजयी खेळाडू चषक उचलतो तशी.

“मी जरा बाहेर जाऊन येते,” ती म्हणाली.

“आत्ता तर आलीस.”

तेवढ्यात साहेब आले. जीपमधून तिच्यासोबतच आले होते, आता कॅमेरेवाला मिळवून हजर. “मॅडम, ही संधी परत नाही. ज्यांनी आपलं कॅरोसेल बघून बॅगा भरल्या त्यांचे फोटो. पहिलं तुमचंच कुटुंब. बॅग उघडा, वस्तू पुढे मांडा, स्लाइडच्या क्रमाने.”

“साहेब, नंतर. मला थोडं...”

“दोन मिनिटं फक्त.”

त्याच वेळी शाळेच्या शिपायांनी कोठीतल्या जुन्या सतरंज्या आणून धाडधाड उलगडायला सुरुवात केली. वर्षभराची धूळ उठली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती धुरासारखी तरंगत राहिली. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. नवऱ्याने हौसेने बॅगेची चेन उघडली आणि पहिली बाटली बाहेर काढली. ती इतकी हलकी होती की त्याचा हात एकदम वर गेला. त्याने बाटली उजेडात धरली. मग दुसरी काढली.

“सांडलं की काय सगळं?” तो बॅगेचा तळ चाचपत म्हणाला. तळ कोरडा होता.

यादीवालीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. स्टेजवरची बडबड थांबली होती.

टिटवी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून बसली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खालची खळी आत जात होती. “आई,” ती म्हणाली. मग श्वास. मग “पं...”

नवऱ्याने बॅगेत हात घालून पंप काढला, हलवला, लेकीच्या तोंडाला लावला आणि दाबला. नुसता टक् असा आवाज आला. पुन्हा दाबला. पुन्हा टक्. त्याने पंप उलटा केला आणि पाठीमागची खिडकी बघितली.

“शून्य?” तो म्हणाला. “शून्य कसं? अगं, दुसरा कुठाय?”

ती लेकीच्या गळ्याजवळचं बटण सोडवत होती.

“दुसरा कुठाय, विचारतोय मी!”

“दप्तरात,” ती म्हणाली. “घरी. हा फोटोतला आहे.”

“फोटोतला म्हणजे?”

“सगळंच फोटोतलं आहे.”

त्याला कळायला क्षणभर लागला. तेवढा वेळ तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या मागे साहेब, आणि साहेबांच्या मागे कॅमेरेवाला. मग तो दाराकडे पळत सुटला, औषधाच्या दुकानासाठी.

सभागृहात नेमलेली सिस्टर धावत आली. तिची पेटी मलमपट्टीची. पंप तिच्याकडे नव्हता, रुग्णवाहिका टेकडीपाशी उभी होती. तिने फोन लावला. “दहा मिनिटांत येते म्हणतायत. बाळ, ताठ बस. आडवी नको होऊस. हळूहळू सोड श्वास. कोणाकडे आहे का हो निळा इनहेलर? साल्ब्युटामॉलचा?”

“आहे, आहे!” सतरंज्यांच्या पलीकडून शिलाईकाकू उठल्या. स्वतः शिवलेली बॅग त्यांनी खांद्यावरून काढली, औषधांचा कप्पा उघडला. चाचपडावंही लागलं नाही त्यांना. सीलबंद खोकं, त्याच्यासोबत पंपाला जोडायची स्पेसरची नळी, तीही धुऊन फडक्यात गुंडाळलेली. “आमच्या यांचा आहे. न उघडलेला. चालेल का बघा.”

सिस्टरने नाव वाचलं, मुदत बघितली, सील फोडलं. पंप हलवून दोनदा हवेत सोडला, मग स्पेसरला जोडला. “एक पफ. आता पाच वेळा श्वास घे, सावकाश. शाब्बास. आता दुसरा.” असे चार झाले. काही मिनिटं थांबून आणखी दोन. यादीवाली लेकीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि मोजत होती. मोजण्यापलीकडे तिच्या हातात काहीच नव्हतं.

टिटवीचे खांदे हळूहळू खाली आले. रुग्णवाहिका पोचली तेव्हा तिने पहिलं सबंध वाक्य उच्चारलं, “शिडी बत्तीस मीटरची आहे.” डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा म्हणाले. नवरा चौकातून पंप घेऊन धापा टाकत परतला तोवर सगळं निवळलं होतं.

“धावपळीत राहिलं असेल गं,” काकू यादीवालीच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या. “इतक्या लोकांचं बघायचं म्हणजे घरचं राहतंच. तुझ्यामुळेच तर माझ्याकडे होता. तू सांगितलंस म्हणून न उघडलेला ठेवला मी.” त्या सतरंज्यांच्या पलीकडे बसल्या होत्या, त्यांना बाटल्या दिसल्या नव्हत्या. यादीवालीने मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. “हे बघा, जे झालं ते झालं. बाहेर काही बोलायची गरज नाही. कक्षाची अब्रू जाईल. त्या शिवणाऱ्या बाईंचा फोटो घेतलाय, झकास आलाय. तो टाकू. तुम्हीच लिहा चार ओळी.”

“साहेब, चौथी स्लाइड तरी बदलू या. खऱ्या, भरलेल्या वस्तूंचा फोटो...”

“टाकलेल्या पोस्टमध्ये नवी स्लाइड घालता येते का? तुम्हीच सांगता ना, येत नाही म्हणून. सगळी काढून परत टाकायची तर लोकांनी जपून ठेवलेलं सगळं जाणार. आणि मजकूर तर बरोबर आहे. चित्रातली बाटली भरलेली की रिकामी, कोण बघतंय?”

तिने चार ओळी लिहिल्या. काकू हसऱ्या चेहऱ्याने बॅगेचा कप्पा उघडून दाखवतायत, आणि खाली, ‘तयारीने वाचवला एका चिमुकलीचा श्वास’. चिमुकली कोणाची, ते लिहिलं नव्हतं. रात्र सभागृहात काढायची होती. नवऱ्याने लेकीला आपल्या कुशीत घेतलं आणि दिवे मालवल्यावर हळू आवाजात, भिंतीशी बोलावं तसं म्हणाला, “मी दारातच होतो गं. तीन पावलं.”

“माहीत आहे.”

“तुला फोनवर सांगता आलं असतं.”

“हो.”

“मग?”

“खोलीत सगळे होते,” ती म्हणाली. एवढं मोठ्याने म्हटल्यावर ते किती लहान कारण आहे, हे तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. त्याने लेकीचं पांघरूण सारखं केलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी भिंतीमागचं पाणी उपसलं, लोखंडी टेकू लावले, अभियंत्यांनी पाहणी केली आणि माणसं घरी परतली. परतल्याच्या संध्याकाळी तिने लाल बॅग टेबलावर उपडी केली आणि भरायला बसली. तीन माणसं, तीन दिवस, छत्तीस लिटर. एवढं एका बॅगेत मावत नाही आणि खांद्याला झेपत नाही, हे तिला तेव्हा प्रथम हाताने कळलं. बॅगेत माणशी एकेक बाटली आणि बाकीचं पाणी घरात वेगळ्या कॅनमध्ये, असं लिहायला हवं होतं. ते तिच्या स्लाइडवर कुठेच नव्हतं. रिकाम्या बाटल्यांना ते कसं समजावं?

नवा पंप आणि नवी नळी घेऊन ती खाली काकूंकडे गेली. काकू मशीनवर होत्या. टाचण्या ओठांतून काढून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “अगं, कशाला आणलंस? पोर बरी आहे ना? फोटो बघितलास का माझा? माझ्या बहिणीने तीन जणींना पाठवला. म्हणते, आता आम्ही पण शिवतो तशी बॅग.”

“काकू, धावपळीत राहिलं नव्हतं काही.”

“म्हणजे?”

“ती बॅग मी कधी भरलीच नव्हती. फोटोसाठी सगळं रिकामं मांडलं होतं. बाटल्या, डबे, गोळ्यांच्या पट्ट्या, पंप. तीन महिने दारात टांगलेली होती. आणि घरातून निघताना टिटवीच्या बाबांचा मला फोन आला, तेव्हा सांगायला वेळ होता. मी नाही सांगितलं. लोकांसमोर लाज वाटली.”

मशीनचं चाक काकूंनी हाताने थांबवलं. बराच वेळ त्या मोजपट्टी बोटाला गुंडाळत आणि सोडवत राहिल्या. यादीवालीला वाटलं, आता बोलतील, चार शब्द सुनावतील, पोरीच्या जिवाशी खेळलीस म्हणतील. त्याची तयारी करूनच ती जिना उतरली होती.

काकू उठल्या, कोपऱ्यातली आपली बॅग घेऊन आल्या, मांडीवर घेतली आणि पहिला कप्पा उघडला.

“ते माणशी चार लिटर,” त्यांनी विचारलं, “ते तरी खरं आहे ना?”

“खरं आहे, काकू. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय. सगळा मजकूर तपासलेला आहे.”

“आणि औषधं सात दिवसांची?”

“हो.”

“कागद पाकिटात घालायचे ते?”

“तेही.”

“बरं,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पूर्वी त्या जिना चढून येऊन विचारायच्या तेव्हा उत्तर मिळालं की मान डोलवून लगेच निघायच्या. आज त्यांनी मान डोलवली नाही. एकेक कप्पा उघडून, वस्तू बाहेर काढून, उजेडात धरून बघत बसल्या. बाटली हलवून पाहिली. टॉर्च लावून पाहिला, विझवला, परत लावला. यादीवाली समोर बसून होती. निघ असं कोणी म्हटलं नाही, आणि बस असंही नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृहात धावून आलेली ती दवाखान्यातली सिस्टर तिला रस्त्यात भेटली. हसून म्हणाली, “तुमच्या शेजारच्या शिलाईकाकू सकाळी आल्या होत्या. तुमचं ते कॅरोसेल फोनवर घेऊन. दहाही स्लाइड एकेक करून वाचून दाखवल्या मला आणि प्रत्येकीला विचारलं, हे बरोबर आहे का म्हणून.”

“मग?” यादीवालीने विचारलं.

“मग काय, बरोबरच आहे सगळं. मी म्हटलं, अहो, हे तर तुमच्याच बिल्डिंगमधल्या बाईंनी केलंय, त्यांनाच विचारायचं. तर नुसत्या ‘हो’ म्हणाल्या.”